डबल गॉझ आधी धुऊन घेतलं होतं, तरी शिवल्यावर परत आटलं – नक्की काय चुकतंय?

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय लोकांनी, आणि मी स्वतःही यात दोनदा आपटलेय, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून ठेवते. तक्रार नेहमी एकच असते. गॉझचं किंवा मलमलीचं कापड आणलं, शहाण्यासारखं आधी भिजवून वाळवून घेतलं, इस्त्री केली, मापात कापलं, शिवलं, आणि तीनचार धुण्यांनंतर बघावं तर परत लहान. मग आपण म्हणतो कापडच खराब होतं. बहुतेक वेळा कापड खराब नसतं, आपण चुकीच्या वेळी टेप लावलेली असते.

माझं प्रकरण सांगते म्हणजे कळेल. भावाच्या बाळासाठी दुपटं शिवलं होतं, डबल गॉझचं, बरोबर १०० बाय १०० सेंटीमीटर. कापड बादलीत रात्रभर भिजवलं, दोरीवर वाळवलं, कडक इस्त्री मारून एकदम सपाट केलं आणि कापलं. महिन्याभराने वहिनी म्हणाली, ताई, याचे पाय बाहेरच राहतात आता. मला वाटलं बाळ वाढलं असेल (वाढलं होतंच), पण तरी टेप लावली तर दुपटं उभं ९१ आणि आडवं ९६. म्हणजे नुसतं लहान नाही, चौकोनाचा आयतही झालेला. आणि कडेला जी पायपिंग लावली होती ती झालरीसारखी लाटा मारत होती.

उरलेलं कापड घरात होतं, ते अजून पाणी न लागलेलं. मग बसलेच तपासायला. ६० बाय ६० चे दोन तुकडे कापले, कडा झिगझॅगने मारून घेतल्या नाहीतर धुण्यातच अर्धं कापड उसवून जातं, आणि दोन्हींच्या मध्ये ५० सेंटीमीटरचा चौकोन रंगीत दोऱ्याच्या टाक्यांनी खुणावला. पेनने खूण करू नका, एकतर धुऊन जाते नाहीतर पसरते, आणि मग कुठून मोजायचं तेच कळत नाही. काठाला समांतर जाणारे धागे म्हणजे उभे, त्या दिशेला एक बाण शिवून ठेवला, कारण काठ कापला गेला की दोन धुण्यांनंतर उभं कुठलं आडवं कुठलं काही सांगता येत नाही.

पहिल्या तुकड्याला मी जे दुपट्याला केलं होतं तेच केलं, नुसतं भिजवणं, दोरीवर वाळवणं आणि कडक इस्त्री. माप आलं उभं ४९.५, आडवंही ४९.५. म्हणजे जवळपास काहीच आटलं नाही, आणि मी हेच बघून तेव्हा खुश झाले होते. दुसरा तुकडा मशीनमध्ये बाकीच्या कपड्यांबरोबर नेहमीसारखा धुतला, वाळवला, इस्त्री अजिबात नाही, टेबलावर सैल ठेवून मोजला. पहिल्या धुण्यानंतर उभं ४६.५, आडवं ४८. दुसऱ्यानंतर ४५.५ आणि ४७.५. तिसऱ्यानंतर ४५ आणि ४७.५. चौथ्यांदा धुतला तर आकडे हललेच नाहीत. म्हणजे हे कापड उभ्या दिशेला १० टक्के आटतं, आडव्या दिशेला ५ टक्के, आणि त्याला तिथे पोचायला तीन धुणी लागतात.

आता खरी गंमत इथे आहे. हाच पूर्ण आटलेला तुकडा घेतला आणि त्याला वाफेची इस्त्री मारली. उभं झालं ४७.५, आडवं ४९! म्हणजे जे ५ सेंटीमीटर आटलं होतं त्यातलं अर्धं इस्त्रीने परत बाहेर काढलं. परत पाण्यात घातला, वाळवला, पुन्हा ४५ आणि ४७.५. म्हणजे इस्त्रीचं माप हे उसनं माप आहे, पुढच्या पाण्यात ते परत जाणार.

माझ्या दुपट्याचा हिशोब यावरून बरोबर बसतो बघा. मी कापलं तेव्हा कापड ४९.५ वाल्या अवस्थेत होतं, शेवटी जाणार होतं ४५ ला. १०० गुणिले ४५ भागिले ४९.५ केलं तर ९१ येतं. आडवं १०० गुणिले ४७.५ भागिले ४९.५, म्हणजे ९६. टेपवर जे दिसलं तेच. तर कापड शिवल्यावर "परत" वगैरे आटलं नव्हतं, ते आधी आटलंच नव्हतं, आणि जे थोडंफार आटलं होतं ते मी इस्त्रीने ताणून सपाट केलं होतं.

हे असं का होतं ते थोडक्यात, कारण हे कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. कापड विणताना उभे धागे सगळ्यात जास्त ताणलेले असतात, पुढे धुलाई-रंगाईतही कापड ओढूनच पुढे सरकवतात, म्हणून ते गुंडाळीवर येतं तेव्हा त्याच्या खऱ्या लांबीपेक्षा लांब झालेलं असतं. पाणी लागलं की कापूस पाणी पितो, धागा फुगून जाड होतो, आणि जाड धाग्याला वळसा घालून वर-खाली जायला दुसऱ्या धाग्याला जास्त लांबी लागते. ती तो आणणार कुठून, कापडाच्या लांबीतूनच. पॉपलिनसारख्या घट्ट कापडात धागे खेटून बसलेले असल्याने सरकायला फारशी जागा नसते, ते थोडं आटून थांबतं. गॉझमध्ये धाग्यांच्या मध्ये मोकळी जागाच जागा, म्हणून ते आत आत सरकत राहतात. त्यात डबल गॉझ म्हणजे दोन पातळ थर आणि ते साधारण सेंटीमीटरभर अंतरावर बारीक टाक्यांसारखे एकमेकांना विणून जोडलेले, तर मधलं कापड आटताना फुगतं आणि त्या छान मऊ गाठीगाठी दिसतात. ती चुरगळ म्हणजे दोष नव्हे, तीच या कापडाची नैसर्गिक अवस्था आहे. आणि नुसत्या भिजवण्याने काम का होत नाही तर धागे एकमेकांवर घासून अडकलेले असतात, त्यांना हलवायला आपटणं, घुसळणं लागतं. उष्णतेने कापूस काही प्लॅस्टिकसारखा आकुंचन पावत नाही, पाणी आणि हालचाल हेच खरं कारण. ड्रायरमध्ये जास्त आटतं तेही मुख्यतः गोल फिरून आपटल्यामुळे. दोरीवर ओलं टांगलं तर उलट स्वतःच्या वजनाने थोडं लांबतं.

तर मग करायचं काय. शिवायच्या आधी कापड तीनदा धुवायचं, आणि तयार झाल्यावर ती वस्तू ज्या पद्धतीने धुतली जाणार आहे त्याच पद्धतीने. बाळाचं दुपटं गरम पाण्यात आणि मशीनमध्ये जाणार, हे सगळ्यांना माहितीये, मग आधीच्या धुण्यात त्याला थंड पाण्याचे लाड कशाला. ड्रायर वापरत असाल तर ड्रायरमध्येही घाला. तीनदा म्हणजे तीनदा पूर्ण वाळवून, एकामागे एक ओलंच तीन वेळा फिरवलं तर ते मी तीन धुणी धरत नाही. तुमचं कापड दोन धुण्यात थांबेल किंवा चौथं मागेल, म्हणून तो खुणेचा तुकडा करायचा कंटाळा करू नका. सलग दोन धुण्यांत माप बदललं नाही की कापड तयार.

मग इस्त्री न करता कापायचं. इथे सगळे ओरडतात की चुरगळलेलं कापड कापणार कसं, बरोबर आहे, वैताग येतो. मी असं करते की कापड टेबलावर पसरायचं, तळहाताने फक्त दुमडी सरळ करायच्या, ओढायचं नाही, तासभर तसंच सोडून द्यायचं म्हणजे हाताने जो ताण दिला असेल तो निघून जातो. कडांवर वजनं ठेवायची, टाचण्या नकोत, टाचणी लावताना कापड वर उचललं जातं आणि ताणलं जातं. सरळ रेषा पाहिजे तर वरच्या थराचा एक धागा सुईने उचलून हळू ओढायचा, जी बारीक रेघ पडते तिच्यावरून कापायचं. फिरत्या चाकूने कात्रीपेक्षा बरंच सोपं जातं कारण कात्रीचं खालचं पातं कापड उचलतं. शिवणीची दुमड बसवायला इस्त्री लागलीच तर फक्त कडेवर, वरून दाबून उचलायची, सरकवायची नाही.

आणि कापड किती घ्यायचं याचा हिशोब उलटा करायचा. मला दुसरं दुपटं तयार १०० बाय १०० पाहिजे होतं, चारी बाजूंना २ सेंटीमीटर दुमडीसाठी, म्हणजे कापताना १०४. उभ्या दिशेला ९० टक्केच उरतं तर १०४ भागिले ०.९, म्हणजे ११६ सेंटीमीटर, वर उसवणाऱ्या टोकांसाठी थोडं, म्हणून १२० घेतलं. आडवं १०४ भागिले ०.९५ म्हणजे साधारण ११०, कापडाचा पन्हा १३० होता तर प्रश्नच नव्हता. लोक इथे चूक करतात ती अशी की १०४ मध्ये १० टक्के मिळवतात आणि ११४ घेतात, मग दीड-दोन सेंटीमीटर कमी पडतं आणि परत कापडाला शिव्या.

न धुता नुसता हिशोब वाढवून मोठं कापलं आणि शिवलं तर चालेल का, असंही विचारतात. साध्या चौकोनी दुपट्याला, नुसती दुमड मारलेली असेल तर चालून जातं, लेबलवाली तयार दुपटी बऱ्याचदा तशीच असतात. पण जिथे दुसरं काही जोडलंय तिथे नाही. पायपिंगचं माझं तेच झालं. पायपिंगचं कापड घट्ट विणीचं होतं, ते फारसं आटलं नाही, आतलं गॉझ ९१ वर गेलं, मग १०० ची पट्टी ९१ मध्ये मावणार कशी, ती लाटा मारणारच. उलट प्रकार पण होतो, कड चुण्या पडून आत ओढल्यासारखी दिसते, तेव्हा समजायचं की पट्टी, लेस किंवा दोरा आटलाय आणि कापड नाही. बघूनच कळतं कोण आटलं ते. पायपिंग लावायचीच तर त्याच गॉझची तिरकी पट्टी काढून लावा, दोघं एकत्र आटतील.

आता उन्हाळी कुर्त्यांकडे येऊ, कारण तिथे आटण्यातून दुसरंच दुखणं उभं राहतं. लोक सांगतात कुर्ता काखेच्या मागे फाटला, कापड नाजूक आहे. जरा जवळ जाऊन बघा. शिलाईचा दोरा शाबूत आहे का? कापडाचे धागे तुटलेत की नुसते बाजूला सरकून शिलाईजवळ शिडीसारखी फट पडलीय? फट असेल तर ते फाटणं नाही, वीण सरकलीय, कारण विरळ विणीत धाग्याला धरून ठेवणारं काही नसतंच. आणि ती सरकते कधी, तर कुर्ता अंगाला घट्ट झाला की. माझाच कुर्ता, छाती ९२, शिवला १०२ चा म्हणजे १० सेंटीमीटर सैल. वरच्याच पद्धतीने भिजवून-इस्त्री करून कापलेला, आडवा ९६ टक्के राहिला तर १०२ चे झाले ९८. सैलपणा १० वरून ६ वर आला. घट्ट म्हणावा इतका नाही वाटत, पण हात पुढे केला की सगळा ताण पाठीवरच्या त्या एका शिवणीवर. लांबीही ९५ ची ८६ वर आली, तो भाग वेगळा, तो मी आता घरात घालते.

वीण सरकलेली असेल आणि धागे तुटले नसतील तर वाचवता येतं. कापड ओलं करून सुईच्या टोकाने धागे परत जागेवर आणायचे, आतून पातळ पण घट्ट विणीच्या सुती कापडाची, आधी धुतलेली, दोनेक सेंटीमीटर रुंद पट्टी ठेवायची आणि जुन्या शिलाईच्या थोडं आतून दोन्ही धरून नवीन शिलाई मारायची. यात अजून थोडा सैलपणा जातो हे लक्षात ठेवा, आधीच घट्ट असेल तर बगलेत तुकडा जोडणं बरं. नवीन शिवताना मी गॉझला दीड सेंटीमीटर मार्जिन ठेवते, फ्रेंच सीम घालते म्हणजे कच्ची कड आत बंद होते, टाका २ ते २.५ मिलिमीटरचा आणि मशीनला बारीक सुई, ७० नंबरची. खांद्याला आणि गळ्याला एक पट्टी आतून जातेच, नाहीतर गळा आटण्याऐवजी ओघळतो. अंगाला चिकटून बसणारा कुर्ता या कापडात शिवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे, कोणी कितीही फोटो दाखवू दे.

एकेरी मलमलीचं थोडं वेगळं. तिथे फुगणं-चुरगळणं कमी असतं पण खळ फसवते. नवी मलमल हाताला ताठ आणि भरीव लागते, एका धुण्यात खळ निघाली की तीच एकदम लुळी आणि आरपार दिसणारी. खळ आहे का ते बघायला कापड दोन्ही हातांत धरून चोळा, पांढरी भुकटी उडाली तर भरपूर आहे. किंवा पाण्याचा एक थेंब टाका, लगेच शोषला नाही, मण्यासारखा बसून राहिला तर वर काहीतरी लावलेलं आहे. अस्तर लागेल की नाही हा निर्णय खळ गेल्यावरच घ्या.

मऊपणाबद्दल, कारण सगळ्यांना तोच पाहिजे असतो. मऊ होतं ते खळ गेल्यामुळे, धागे आटून सैल वळणं घेतात त्यामुळे, आणि धाग्यावरचे बारीक तंतू मोकळे होतात त्यामुळे. हे पहिल्या पाचसहा धुण्यांत आपोआप होतं, त्यासाठी फॅब्रिक सॉफ्टनर ओतायची गरज नाही. सॉफ्टनर धाग्यावर थर बसवतो, हाताला गुळगुळीत लागतं पण कापड पाणी कमी शोषायला लागतं, आणि बाळाच्या दुपट्याने किंवा उन्हाळी कुर्त्याने पाणीच शोषलं नाही तर उपयोग काय त्याचा. आधीच वापरला असेल तर दोनतीन वेळा सॉफ्टनरशिवाय गरम पाण्यात धुवा, मग थेंबाची तीच परीक्षा परत करा. धुऊनही कडक लागत असेल तर बहुतेक साबण नीट निघालेला नसतो, पावडर कमी करा आणि एकदा जास्त खळबळा. इतकं करूनही दुकानातलं लेबल म्हणतं तितकं मऊ होत नसेल तर सूतच जाड आहे, ते वर्षभर धुतलं तरी जाड सूतच राहणार.

धुताना हुकं, चेन, वेल्क्रो असलेले कपडे बरोबर घालू नका, जाळीच्या पिशवीत घातलं तर उत्तम. धागा ओढला गेला आणि फास वर आला तर कापू नका हां, कापला की तिथे भोक. कापड तिरकं दोन्हीकडून हलकं ओढलं की बराचसा धागा आत जातो, राहिलेला सुईने मागच्या बाजूला घ्यायचा. बाळाच्या दुपट्याची कड मात्र दर धुण्यानंतर हाताने तपासा, सुटा लांब धागा बाळाच्या बोटाभोवती किंवा अंगठ्याभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडू शकतं, आणि बाळ नुसतं रडत राहतं, कळतच नाही का ते. म्हणून कड कधी कच्ची नको, ओव्हरलॉकवर पण मी विसंबत नाही, दोनदा दुमडूनच.

आता शेवटचं, जे आधीच आटलंय त्याचं काय. खरं सांगायचं तर कायमचं परत मोठं होत नाही. ओलं असताना सतरंजीवर पसरून, चारी कडा ओढून टाचण्या लावून वाळवलं तर माझं ९१ वालं दुपटं ९५ पर्यंत आलं, आणि पुढच्या धुण्यात परत ९१. केस कंडिशनरमध्ये भिजवायचा उपाय फिरतोय तोही मी करून बघितला, ओढताना हात छान घसरतो, माप तेच. म्हणून मी पायपिंग उसवून काढली, ९१ बाय ९६ ला त्याच गॉझची पट्टी लावली, आणि आता ते बाळाला गुंडाळायला नाही, मांडीवर टाकून ढेकर काढायला वापरतात. दुसरं दुपटं, तीन धुणी करून न इस्त्रीचं कापलेलं, परवा मोजलं. किती वेळा धुतलं ते वहिनीलाही आठवत नाही. उभं ९९.५, आडवं १००.